रात्रीचा भात, सकाळची फोडणी

फोडणीच्या भाताला शिळाच भात लागतो. ताज्या, वाफाळत्या भातावर मोहरी-कांद्याची फोडणी घातली, तर कढईत त्याचा गिचका होतो. रात्रभर राहिलेला भात हाताने मोकळा केला, की दाण्यापासून दाणा सुटतो आणि तेल-हळद सगळीकडे सारखी लागते. शिजताना तांदळातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो. भात निवू लागला, की त्याच स्टार्चचे रेणू पुन्हा एकमेकांना धरून बसतात आणि दाणा आतून घट्ट होतो. याला काही तास द्यावे लागतात. ते तास भाताने ओट्यावर काढले की फ्रिजमध्ये, यावर दुसऱ्या दिवशीची दुपार कशी जाईल हे ठरू शकतं.

लंडनमधल्या चिनी खाणावळींना फ्राइड राइससाठी अगदी असाच भात लागायचा. दुसऱ्या दिवशीचा भात आदल्या संध्याकाळीच मोठाल्या भांड्यांत उकडायचा, पाणी निथळून टाकायचं आणि तो ढीग रात्रभर स्वयंपाकघरातच कोरडा होऊ द्यायचा. फ्रिजमध्ये ठेवला तर भाताचे गोळे होतात अशी आचाऱ्यांची तक्रार असे, त्यामुळे तो बाहेरच राही. गिऱ्हाईक आलं की त्यातलाच भात काढायचा, फेटलेल्या अंड्याबरोबर तेलात मिनिटभर मोठ्या आचेवर परतायचा आणि वाढायचा. १९७१पासून इंग्लंडमध्ये अशा फ्राइड राइसनंतर माणसं आजारी पडल्याच्या नोंदी होऊ लागल्या. सगळ्यांची हकिगत एकसारखी होती. जेवण झाल्यावर एक ते पाच तासांत मळमळ, मग जोरदार उलट्या, आणि बहुतेक जण दुसऱ्या दिवशी बरे.

उरलेल्या भातात आणि उलटीच्या नमुन्यांत एकच जिवाणू मोठ्या संख्येने सापडला, तो म्हणजे बॅसिलस सीरियस. प्रयोगशाळांना त्याचं नाव नवं नव्हतं. १८८७मध्ये फ्रँकलंड दांपत्याने, ग्रेस आणि पर्सी यांनी, त्याचं वर्णन केलं होतं आणि त्यांना तो गोठ्यातल्या हवेत सापडला होता. तो मुळात मातीतला जीव आहे. मात्र लंडनच्या डॉक्टरांपुढचं चित्र या जिवाणूच्या तोवरच्या ओळखीशी जुळत नव्हतं. ती ओळख नॉर्वेतून आलेली होती. १९४०च्या दशकाच्या अखेरीस ऑस्लोमध्ये आदल्या दिवशी करून बाहेर ठेवलेला व्हॅनिला सॉस खाऊन इस्पितळातले लोक आजारी पडले होते. तिथल्या स्टाइनार हाउगे या संशोधकाने जिवाणूवरचा संशय तपासायला हा जीव वाढवलेला सॉस स्वतःच पिऊन पाहिला. थोडाथोडका नव्हे, तब्बल २०० मिलिलिटर, आणि दर मिलिलिटरला नऊ कोटींहून जास्त जंतू! सुमारे तेरा तासांनी त्याच्या पोटात कळा येऊ लागल्या आणि जुलाब सुरू झाले. उलटी मात्र झाली नाही. (असले प्रयोग आज कुठलीही नैतिकता समिती मान्य करणार नाही, आणि ते बरंच आहे.)

जंतू एक, पण ऑस्लोत तेरा तासांनी जुलाब आणि लंडनमध्ये दोन-तीन तासांत उलट्या. हे कोडं वेळेतच सुटतं. जंतू पोटात जाऊन आतड्यात वाढणार आणि तिथे विष तयार करणार, तर त्याला निदान सात-आठ तास लागतातच. ऑस्लोत तेच झालं होतं. खाल्ल्यानंतर तासा-दीड तासात माणूस ओकू लागला, याचा अर्थ विष ताटात आलं तेव्हाच तयार होतं. जंतूने ते भातात, रात्रीतून करून ठेवलं होतं. तो स्वतः जिवंत आहे की फोडणीत जळून मेला, याने मग फरक पडत नाही.

भात तर उकळत्या पाण्यात शिजलेला होता. मग त्यात जंतू आले कुठून?

ते तांदळाबरोबरच आले. भात मातीत आणि पाण्यात वाढतो आणि बॅसिलस सीरियसही तिथेच राहतो. पाणी आटलं, खाणं संपलं, की हा जिवाणू आपला कारभार गुंडाळतो आणि स्वतःच्या पोटात एक बीजाणू तयार करतो. बीजाणू म्हणजे त्याच्या जनुकांची एक प्रत, भोवती जाड आवरणं आणि आत जवळजवळ पाणी नाही. हे पाणी नसणं महत्त्वाचं आहे. उष्णतेने पेशी मरते ती मुख्यतः आतली प्रथिनं पाण्यात उलगडून बिघडतात म्हणून. बीजाणूच्या गाभ्यात कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्ल ठासून भरलेलं असतं, पाणी अगदी कमी उरतं आणि प्रथिनांना हलायलाही जागा नसते. असे बीजाणू तांदळाच्या दाण्याला चिकटून गिरणीतून, पोत्यातून, वाण्याच्या दुकानातून थेट घरच्या डब्यात येतात. वर्ष-दोन वर्षं जुन्या तांदळातही ते तसेच राहतात. दोन-तीन पाण्यांनी तांदूळ धुतला तर काही निघून जातात, सगळे जात नाहीत.

शंभर अंशांच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भात उकळला, की वाढत्या अवस्थेतले सगळे जंतू मरतात. बीजाणूंमधले काही मरतात, काही तगतात. उकळण्याने त्यांच्या दोन सोयी आणखी होतात. एक तर भातातले बाकीचे जंतू, जे खाण्यासाठी त्यांच्याशी भांडले असते, ते मरून जातात. शिवाय उष्णतेचा हा चटका झोपलेल्या बीजाणूला जागं करतो. गरम होऊन मग निवणं हाच त्याला रुजण्याचा इशारा असतो. बाहेर ओलसर, मऊ, पिठूळ भात, प्रतिस्पर्धी कुणी नाही, आणि हळूहळू उतरणारं तापमान. त्याच्या दृष्टीने याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

इथे कुणीही म्हणेल, की आमच्याकडे भात कुकरमध्ये होतो. कुकरमध्ये दाबामुळे तापमान शंभराच्या वर, एकशेवीस अंशांच्या आसपास जातं, आणि तेवढ्याने बीजाणूंची संख्या बरीच घटते हे खरं आहे. पण तीन शिट्ट्यांत भाताच्या मधोमध ते तापमान किती वेळ टिकलं हे स्वयंपाकघरात कुणी मोजत नाही. शिवाय झाकण काढल्यावर डाव, पळी, हात आणि ओटा हे सगळं पुन्हा भाताला लागतंच. लग्नाच्या पंगतीचा, मेसचा किंवा हॉटेलचा भात तर मोठ्या टोपात उघड्यावरच शिजतो. तेव्हा कुकरचा फायदा जरूर मोजावा, पण त्याच्या भरवशावर भात रात्रभर बाहेर ठेवू नये.

आता एक रात्र डोळ्यांपुढे आणू. मे महिना आहे, स्वयंपाकघरात बत्तीस अंश तापमान आहे. रात्री नऊला भात झाला. जेवणं उरकली आणि अर्धं पातेलं भात उरला. तो तसाच पातेल्यात, वर झाकण ठेवून ओट्यावर राहिला. साठ अंशांच्या वर या जंतूला वाढता येत नाही. पन्नासच्या खाली उतरलं की तो वाढू शकतो, आणि तीस ते सदतीस हे त्याचं सगळ्यात आवडतं हवामान. झाकलेल्या पातेल्याच्या मध्यभागी ते अकराच्या सुमारास येतं असं धरू. शिजल्यावर दर ग्रॅमला दहा बीजाणू जिवंत उरले आहेत असंही धरू. ही संख्या फार नाही. तीस अंशांच्या आसपास शिजलेल्या भातात हा जंतू साधारण अर्ध्या ते एक तासात दुप्पट होतो. वाणाप्रमाणे हा वेळ बदलतो, म्हणून दोन्ही टोकं पाहू.

अर्ध्या तासाला दुप्पट होणारा वाण असेल, तर अकरापासून सकाळी आठपर्यंतच्या नऊ तासांत अठरा वेळा दुप्पट होतो. दहाचे वीस, विसाचे चाळीस असं मोजत गेलं, तर पहाटे चारला ग्रॅमला दहा हजार होतात. तोवर काही बिघडलेलं नाही. पुढच्या चार तासांत मात्र त्याचे सव्वीस लाख होतात. उलटी आणणाऱ्या भातात ग्रॅमला एक लाखाच्या वर, बहुतेकदा त्याहून पुष्कळ जास्त जंतू सापडतात, म्हणजे आपण ती हद्द ओलांडून बसलो. वाण मंद असेल आणि त्याला दुप्पट व्हायला पूर्ण तास लागत असेल, तर सकाळी आठला मोजणी जेमतेम पाच हजारांवर पोचते आणि काहीही होत नाही.

याच कारणाने काही घरांत वर्षानुवर्षं ओट्यावरच्या भाताला फोडणी पडते आणि कुणाला काही होत नाही. वाणावाणात आणखी एक मोठा फरक असतो. उलटीचं विष बनवण्याची जनुकं या जिवाणूच्या मुख्य गुणसूत्रात नसतात. ती एका वेगळ्या, गोल डीएनए-तुकड्यावर असतात आणि तो तुकडा थोड्याच वाणांकडे असतो. ज्यांच्याकडे तो नाही, ते कितीही वाढले तरी हे विष करू शकत नाहीत. तेव्हा ‘आम्ही लहानपणापासून शिळा भात खाऊनच वाढलो’ हे म्हणणं खोटं नाही. त्या प्रत्येक सकाळी भातात कुठला वाण होता आणि रात्र किती उकाड्याची होती, यावर ते अवलंबून होतं, एवढंच. जुन्या घरांत उरलेल्या भातात रात्री पाणी किंवा ताक घालून ठेवायची पद्धत होती, तिचाही हिशेब इथे धरायला हवा. पाण्यातला भात रात्रीतून आंबतो, आंबवणारे जंतू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि पुरेशा आंबटपणात बॅसिलस सीरियस वाढू शकत नाही. ओडिशातला पखाल याच तत्त्वावर टिकतो. कोरडा, झाकलेला, आंबट नसलेला भात हे अगदी वेगळं प्रकरण आहे.

विष तयार होतं ते वाढीच्या शेवटच्या टप्प्यात, जंतूंची संख्या भरपूर झाल्यावर. म्हणून रात्री दहाला आणि पहाटे चारला भात जवळजवळ निर्धोक, आणि आठला नाही, असं होऊ शकतं. आणि यातलं काहीही नाकाला कळत नाही. भात आंबूस लागतो, तार सुटते, ती बहुधा दुसऱ्या जंतूंची करामत असते. बॅसिलस सीरियस धोक्याच्या संख्येला पोचलेला भात दिसायला, वासाला आणि चवीला चांगला असू शकतो. वास घेऊन बघण्याची आपली सवय इथे पुरत नाही.

सकाळी फोडणी पडते. आता तरी गरम झालं, असं वाटतं.

या विषाचं नाव सेरुलाइड. जपानमधल्या संशोधकांनी १९९०च्या दशकाच्या मध्यावर ते शुद्ध रूपात वेगळं केलं आणि त्याची रचना उलगडली. ऑस्लोतल्या जुलाबांना कारण असलेलं विष हे प्रथिन आहे. प्रथिन म्हणजे लांबलचक साखळीची ठरावीक घडी, आणि त्या घडीतच त्याचं काम असतं. अंड्यातला पांढरा बलक तव्यावर पडताच घट्ट होतो, तशी उष्णतेने ती घडी मोडते आणि विष निकामी होतं. सेरुलाइड प्रथिन नाही. बारा छोट्या घटकांचं ते एक बंद कडं आहे. त्यातले निम्मे अमिनो आम्लांचे, निम्मे त्यांच्यासारख्याच पण वेगळ्या आम्लांचे, एकाआड एक जोडलेले. कड्याला मोकळं टोक नाही आणि मोडावी अशी घडीही नाही. त्यामुळे उष्णतेला तिथे धरायला काही सापडत नाही. एकशेएकवीस अंशांवर, म्हणजे इस्पितळात शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करतात त्या तापमानाला, ते तास-दीड तास ठेवलं तरी टिकतं. जठरातलं आम्ल त्याला फोडत नाही. प्रथिनं पचवणारी आपली विकरंही त्याला तोडू शकत नाहीत, कारण त्यातले बरेचसे घटक आरशातल्या प्रतिमेसारखे उलट ठेवणीचे आहेत आणि विकरांना ते ओळखता येत नाहीत.

कढईत तेल एकशेसत्तर अंशांवर असेल, मोहरी तडतडत असेल, तरी भाताच्या दाण्यात ओल आहे तोवर दाण्याचं तापमान शंभराच्या पुढे जात नाही. पाणी आधी वाफ होणार, मगच तो अधिक तापणार. तेवढा तापला, तर तो फोडणीचा भात न राहता करपलेला भात होईल. मायक्रोवेव्हचंही तसंच. त्यातून वाफा निघतात म्हणजे शंभर अंश झाले, एवढंच. जिथे एकशेएकवीस अंशांवरही काही होत नाही, तिथे शंभर अंशांनी काय होणार? हळद, लसूण, आलं, लिंबू यांनाही तयार सेरुलाइड मोडता येत नाही. फोडणीत जंतू बहुतेक मरतात. त्याने फक्त तपासनिसाची पंचाईत होते. फोडणी दिलेल्या भातातून जंतू वाढवायला जावं तर थोडेच हाती लागतात आणि भात निर्दोष वाटतो. म्हणून आता प्रयोगशाळा जंतूंच्या मोजणीवर थांबत नाहीत, सेरुलाइडचा रेणूच थेट मोजतात.

पोटात गेल्यावर ते काय करतं, हे कळायला गंमतीशीर मार्गाने जावं लागलं. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या उंदरांना आणि पांढऱ्या घुशींना उलटी करताच येत नाही. जपानी संशोधकांनी मग असा छोटा प्राणी घेतला ज्याला उलटी होते, आणि तो आपल्याला चांगला माहितीचा आहे. आपल्या घरांच्या भिंतीकडेने रात्री चिवचिवत पळते ती चिचुंद्री. तिला अगदी सूक्ष्म मात्रेत, किलोमागे काही मायक्रोग्रॅम, सेरुलाइड दिलं तर ती ओकायची. पोटाकडून मेंदूकडे जाणारी व्हेगस नस आधी कापली असेल, तर ओकायची नाही. सेरोटोनिनच्या एका ठरावीक ग्राहकाला अडवणारं औषध आधी दिलं, तरी नाही. म्हणजे विष मेंदूत जाऊन काही करत नाही. जठर-आतड्यातल्या नसेच्या टोकांना ते चेतवतं, नस मेंदूला कळवते आणि उलटीचं केंद्र कामाला लागतं. उलट्यांवर डॉक्टर ऑनडॅनसेट्रॉन देतात, तेही याच ग्राहकाला अडवतं.

बहुतेकांची गोष्ट इथेच संपते. सहा ते चोवीस तास उलट्या, पोटात मुरडा, थकवा आणि मग सगळं शांत. पण सेरुलाइडला आणखी एक खोड आहे. हे कडं मधोमध पोटॅशियमचा आयन धरून पेशींच्या पटलातून सहज आरपार नेतं. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियात असं पोटॅशियम घुसलं, की त्यांचं काम थांबतं. मात्रा मोठी असेल, तर याचा सगळ्यात मोठा फटका यकृताला बसतो.

अशा मृत्यूंच्या नोंदी मोजक्याच आहेत, पण त्यातली एक नीट वाचण्यासारखी आहे. २००८मध्ये ब्रुसेल्समध्ये वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने पाच दिवसांपूर्वी केलेली स्पॅगेटी, जी सगळा वेळ फ्रिजबाहेर होती, टोमॅटो सॉसबरोबर मायक्रोवेव्हमध्ये गरम करून खाल्ली. अर्ध्या तासात डोकेदुखी, पोटदुखी आणि मळमळ सुरू झाली, मग कित्येक तास उलट्या. तो मध्यरात्री झोपला आणि सकाळी उठलाच नाही. त्याच्या यकृतातल्या पेशी मेल्या होत्या. उरलेल्या स्पॅगेटीत ग्रॅमला नऊ कोटींहून जास्त बॅसिलस सीरियस आणि भरपूर सेरुलाइड सापडलं. सॉसमध्ये हा जंतू नव्हता. ही घटना भाताची नाही, पण शिजलेला मैदा आणि शिजलेला तांदूळ यांत या जिवाणूच्या दृष्टीने फारसा फरक नाही. पाच दिवस बाहेर ठेवणं हा अतिरेक होता हेही खरं. एका रात्रीच्या भाताने असं होत नाही म्हणून निर्धास्त राहावं, की मात्रा वाढली की काय होतं ते पाहून सावध व्हावं, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी दुसऱ्या बाजूचा आहे.

लंडनच्या स्वयंपाकघरांकडे वळू. कॉलिंडेलच्या अन्न-स्वच्छता प्रयोगशाळेत रिचर्ड गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४मध्ये जे मोजून मांडलं, ते आजही घरी चालतं. भात एकदम ढीगभर न शिजवता थोडाथोडा, अनेकदा शिजवा. शिजल्यावर एक तर त्रेसष्ट अंशांच्या वर गरम ठेवा, नाही तर शिजल्यापासून दोन तासांत झपाट्याने निववून थंड जागी ठेवा. मधल्या पट्ट्यात तो रेंगाळता कामा नये. ब्रिटनची अन्नसुरक्षा संस्था आता घरच्या भातासाठी याहून कडक सांगते. शक्यतो तासाभरात थंड करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि चोवीस तासांत संपवा.

यातलं ‘निववणं’ आपल्याकडे सगळ्यात चुकतं. ‘गार झाल्यावर फ्रिजमध्ये ठेव’ हे आपल्या घरांतलं ठरलेलं वाक्य, पण पातेल्यातला भात गार व्हायला किती वेळ घेतो याचा अंदाज कुणाला नसतो. उष्णता बाहेर पडायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दहा सेंटिमीटर जाडीच्या ढिगाच्या मधला भात निवायला जितका वेळ लागतो, त्याच्या साधारण चौथा हिस्सा पाच सेंटिमीटरच्या थराला लागतो, आणि अडीच सेंटिमीटरच्या थराला सोळावा हिस्सा. म्हणून उरलेला भात पातेल्यात ठेवण्यापेक्षा परातीत बोटभर जाडीने पसरावा आणि पंखा लावावा. पंधरा-वीस मिनिटांत हाताला कोमट लागू लागला, की उथळ डब्यात भरून फ्रिजमध्ये. अख्खं गरम पातेलं फ्रिजमध्ये ठेवण्यातही अर्थ नाही, कारण फ्रिज चार-पाच अंशांचा असला तरी पातेल्याच्या मधोमध कित्येक तास ऊब राहते आणि शेजारचं दूधही तापतं. उलटी आणणारे वाण साधारण दहा अंशांच्या खाली वाढत नाहीत. फ्रिज खरोखर पाचच्या खाली आहे का, हे मात्र पाहावं. उन्हाळ्यात खचाखच भरलेला आणि दर पाच मिनिटांनी उघडला जाणारा फ्रिज तसा असेलच असं नाही.

फ्रिजमधला भात चिकटतो ही लंडनच्या आचाऱ्यांची तक्रार खोटी नव्हती. थंड भाताचे गोळे होतात. पण स्टार्चचे रेणू पुन्हा एकत्र येण्याचं काम फ्रिजच्या तापमानाला सगळ्यात जलद होतं, म्हणजे दाणा तिथे ओट्यापेक्षाही जास्त घट्ट होतो. ओल्या हाताने गोळे हलकेच चुरले, की तोच भात फोडणीत जास्त मोकळा होतो. ज्यासाठी तो रात्रभर बाहेर ठेवला जात होता, ते काम फ्रिजमध्ये अधिक चांगलं होतं.

हॉटपॉट हा वेगळा धोका आहे. भात गरम राहावा म्हणून त्यात भरला, की पहिला तास-दीड तास तो साठच्या वर असतो. त्यानंतर तो कोमट होतो आणि चांगला इन्सुलेट केलेला असल्याने तसाच कित्येक तास कोमट राहतो. जंतू वाढवायच्या कपाटालाही नेमकं हेच काम असतं. डब्यातल्या भाताचं गणितही करून पाहण्यासारखं आहे. सकाळी सहाला ताजा शिजवलेला भात, डब्यात भरला, दुपारी एकला खाल्ला. रुजायला आणि निवायला लागलेला वेळ वगळला, तर जलद वाणालाही दहा-अकरा वेळाच दुप्पट व्हायला मिळतं, म्हणजे दहाचे वीस हजार. ते हद्दीच्या खाली आहेत. पण तोच डबा रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला सकाळी फोडणी देऊन भरलेला असेल, तर विष त्यात आधीच असतं, आणि फोडणीतून वाचलेल्या बीजाणूंना पुन्हा सहा-सात तास मिळतात. शाळेच्या डब्यासाठी रात्रीच्या भाताची निवड करताना तो भात रात्री कुठे होता, हे विचारणं म्हणून महत्त्वाचं.

आणि तरी कुणाला उलट्या सुरू झाल्याच, तर? अँटिबायोटिकने काही साधत नाही, कारण त्रास देतो तो जंतू नसून आधीच तयार झालेलं विष आहे. ओआरएस घोटघोट देत राहणं आणि शरीराला वेळ देणं, हाच बहुतेकांचा उपचार. थांबतच नाहीत अशा उलट्या, लघवी होत नाही, गुंगी किंवा बेशुद्धीकडे झुकणारी झोप, डोळे पिवळे दिसणं, यांतलं काही दिसलं, विशेषतः लहान मुलात, तर रात्र असली तरी इस्पितळ गाठावं आणि यकृताच्या तपासण्या करून घ्याव्यात. डॉक्टर ‘काय खाल्लं?’ विचारतात, तेव्हा माणसं सहसा काल रात्रीचं बाहेरचं जेवण सांगतात. इथे आधी मागच्या सहा तासांत काय खाल्लं ते सांगायचं, आणि त्यात भात किंवा पास्ता असेल तर तो केव्हा शिजला होता आणि मध्ये किती तास बाहेर होता तेही. असाच थोड्या तासांत उलट्या आणणारा दुसरा एक जिवाणू, स्टॅफिलोकोकस, हातावाटे दुधाच्या पदार्थांत वगैरे शिरतो. त्याचंही विष उष्णतेला बऱ्यापैकी टिकतं, त्यामुळे नुसत्या लक्षणांवरून दोघांत फरक करता येत नाही. भात उरला असेल तर तो फेकून देऊ नये. झाकणाच्या स्वच्छ डब्यात फ्रिजमध्ये ठेवावा, आणि फोडणीआधीचा साधा भात शिल्लक असेल तर तो वेगळा ठेवावा. जंतू वाढवून पाहायचे असतील, तर प्रयोगशाळेच्या कामी तोच जास्त येतो.